चार छोटी कोर्टं आणि एक लांब दोरी : अमळनेरच्या टेनिस वर्गाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी साडेसहाला टेप घेऊन मैदानावर गेलो. बास्केटबॉलचं सिमेंट कोर्ट, २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. हे कोर्ट आमच्या एकट्याचं नाही. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं इथे असतात, संध्याकाळी बास्केटबॉलवाले, आणि शेजारच्या मातीच्या पट्ट्यावर व्हॉलीबॉलचे आप्पा आणि त्यांची मंडळी. आम्हाला वेळ मिळाली रविवारी सात ते साडेआठ आणि बुधवारी चार ते पाच. अट एकच : कोर्ट होतं तसं परत करायचं. रंगाची रेघ नाही, खिळा नाही.

मुलं सोळा. तिसरी ते पाचवीची. रॅकेट कोणीच हातात धरलेली नाही, बॅट सगळ्यांनीच.

मोठ्या टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं. या वयाच्या मुलाला तेवढ्या अंतरावरून चेंडू पलीकडे पाठवता येत नाही आणि पलीकडून आलेल्या चेंडूपर्यंत पोचताही येत नाही. म्हणून सर्वांत लहान वयासाठी साधारण ११ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद कोर्ट घेतात, जाळी ८० सेंटिमीटरची. आमच्या कोर्टाची रुंदी १५ मीटर. छोटी कोर्टं आडवी टाकली तर लांबीचे ११ मीटर बसतात आणि दोन्ही मागच्या रेषांपाठी दोन-दोन मीटर जागा उरते. मग मधोमध, २८ मीटरच्या लांबीने, एकच दोरी ताणायची आणि तिच्यावर चार कोर्टं ओळीने बसवायची. दोन्ही टोकांना एकेक मीटर सोडला आणि दोन कोर्टांच्या मध्ये दोन मीटर ठेवले की हिशेब बरोबर जुळतो. दोरीचे खांब ०, ७, १४, २१ आणि २८ मीटरवर येतात. मधले तिन्ही खांब बरोबर दोन कोर्टांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतात, खेळणाऱ्याच्या वाटेत एकही येत नाही. कागदावर हे जुळलं तेव्हा मनापासून आनंद झाला.

खांब म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट ओतून उभी केलेली पीव्हीसी नळी, ८० सेंटिमीटरवर खाच. दोरीवर शेडनेटची पट्टी शिवून घेतली. शेडनेट आमच्याकडे मागेल त्या शेतात मिळतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पहिला वर्ग, आणि चेंडूंनी फसवलं.

दुकानदाराला 'मुलांसाठी मऊ, लाल चेंडू' असं सांगितलं होतं. त्याने दोन डझन लाल टेनिस बॉल पाठवले. ते गल्ली क्रिकेटचे निघाले. सिमेंटवर टप्पा पडला की चेंडू थेट मुलांच्या खांद्यावर. मुलं मागे सरकत कुंपणावर आदळू लागली, काहींनी रॅकेट डोक्यावर धरली. चूक दुकानदाराची नाही, सांगताना मीच कमी पडलो. आपल्याकडे टेनिस बॉल म्हटलं की क्रिकेटच आठवतं.

घरी आल्यावर चेंडू तपासायची खरी रीत वापरली. भिंतीवर २५४ सेंटिमीटरवर खूण केली, म्हणजे १०० इंच. शिडीवर चढून चेंडू नुसता सोडायचा, ढकलायचा नाही, आणि तो किती वर येतो ते बघायचं. मोठ्यांचा नेहमीचा चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो. मुलांच्या टेनिसच्या तीन पायऱ्या : लाल, नारिंगी आणि हिरवा टप्पा. लाल, म्हणजे सर्वांत लहानांच्या टप्प्याचा लोकरी चेंडू ९० ते १०५. नारिंगी टप्प्याचा १०५ ते १२०, हिरव्या टप्प्याचा १२० ते १३५. माझे लाल चेंडू १३० च्या आसपास गेले. रंग लाल असला तरी चेंडू लाल टप्प्याचा नव्हता. लाल टप्प्याचा चेंडू बहुतेक अर्धा लाल, अर्धा पिवळा असतो किंवा पिवळ्यावर लाल ठिपका असतो. तो आकाराने मोठ्या चेंडूपेक्षा किंचित मोठा आणि वजनाने हलका, आत हवेचा दाब नसलेला.

मुलांची उंची सरासरी सव्वाशे सेंटिमीटर धरली तर कंबर सत्तर-पंचाहत्तरवर येते. मंद चेंडूचा टप्पा साधारण त्याच उंचीला मिळतो आणि हात आपोआप बाजूने फिरतो. खांद्याला लागणाऱ्या चेंडूसाठी मूल रॅकेटची मूठ उलटी फिरवतं, आणि ती सवय मोडायला पुढे वर्षं जातात. याच कारणासाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला.

नवे चेंडू मागवले. तीस लोकरी, दहा फोमचे.

१७ नोव्हेंबर, रविवार

चेंडू आले. आज फक्त रॅली, गुण नाहीत.

आधी रॅकेटचं माप. मुलाने हात सैल सोडून रॅकेट जमिनीकडे लटकवायची. टोक जमिनीला टेकलं तर रॅकेट लांब. २१ इंची आठ, २३ इंची आठ आहेत. पाचवीतल्या दोन उंच मुली सोडल्या तर २३ इंचीचं टोक बहुतेकांच्या बाबतीत टेकत होतं. मुलांना मोठी हवी होती. मी दिली नाही. लांब रॅकेट जड होते, मग मूल मूठ वर धरतं आणि सगळा फटका मनगटावर येतो.

सुरुवात रॅकेटशिवाय. समोरच्याने हाताखालून चेंडू टाकायचा, एक टप्पा पडू द्यायचा आणि मग झेलायचा. तोंडाने म्हणायचं : 'टप्पा' आणि 'झेल'. जो 'टप्पा' उशिरा म्हणतो तो फटकाही उशिरा मारतो, हे पाच मिनिटांत दिसतं. मग हातात रॅकेट, शब्द 'टप्पा' आणि 'फटका'. दोघं दोरीपासून दोन-दोन मीटरवर, रॅकेट नुसती पुढे ढकलायची, पाठीमागे नेऊ द्यायची नाही.

आठ जोड्यांची सर्वांत लांब रॅली मोजली. सहा जोड्यांची चारच्या आत. एका जोडीची नऊ. एका जोडीची शून्य, कारण दोघंही चौकार मारत होते.

दोरीचा घोळ वेगळाच. खांबांवर ८०, पण दोन खांबांच्या मध्ये, म्हणजे नेमक्या कोर्टाच्या मधोमध, ६६. मुलांनी ते माझ्या आधी ओळखलं आणि सगळे त्या झोळातूनच चेंडू काढू लागले. नायलॉनची दोरी ताण आला की वाढते. आता सुती वळाची दोरी आणि दोन्ही टोकांना बादलीऐवजी लोखंडी कुंपणाचा आधार घेणार.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. शाळेत केंद्र, वर्ग नाही. घरी बसून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, कोर्टाच्या रेषांसाठी. आधी ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून पाहिल्या होत्या. फुकट मिळतात, सरळ पडतात. पण नळीवर पाय पडला की ती फिरते, आणि चेंडू तिला लागला की भलतीकडेच जातो. ट्यूबची पट्टी सपाट असते, वाऱ्याने उडत नाही आणि पाच मिनिटांत गोळा होते. चुन्याचा विचार आला होता, पण संध्याकाळी बास्केटबॉलची मुलं त्याच सिमेंटवर धावतात. चुना पायाखाली घसरतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

सोळापैकी अकराच आले. कापूस वेचणी. कोणालाही कारण विचारलं नाही.

पहाटे दव होतं. फोमचे चेंडू दोन फेऱ्यांतच ओले आणि जड झाले, धूळ चिकटली आणि उडेनासे झाले. उघड्यावर फोम निरुपयोगी नाही, पण दवात नाही आणि वाऱ्यात नाही. आता ते भिंतीवरच्या सरावाला. लोकरी चेंडूही ओलावा पितात, पण एवढे बिघडत नाहीत. सात वाजता गोणपाटाने कोर्ट पुसायला बास्केटबॉलच्या दोन मोठ्या मुलांनी स्वतःहून मदत केली. त्यांचे आभार मानायचे राहिले, बुधवारी मानायचे.

१ डिसेंबर, रविवार

आज गुणांचे खेळ सुरू केले आणि रॅली मेली.

गेल्या आठवड्यापर्यंत बऱ्याच जोड्या आठ-दहा फटक्यांपर्यंत आल्या होत्या. गुण मोजायला लागल्याबरोबर प्रत्येक मूल दुसऱ्याच फटक्याला मारायला धावलं. चार कोर्टांवर दहा मिनिटांत मी मोजले : तीनपेक्षा जास्त फटक्यांचे गुण फक्त पाच झाले. एकाची सर्व्ह दोरीत, दुसऱ्याचा फटका कुंपणात, गुण संपला. जिंकणारा न शिकता जिंकत होता. तिसरीतल्या एका मुलाने रडवेल्या आवाजात सांगितलं, "सर, चेंडू मनाकडे उनाच नही!" चेंडू त्याच्याकडे येतच नव्हता, तो खरं बोलत होता. सात गुणांच्या खेळात त्याच्या रॅकेटला चेंडू चारदा लागला होता.

परत फक्त रॅली घ्यायची आणि गुण पुढच्या वर्षी, हा एक रस्ता होता. मला तो पटत नाही. गुण नसले की या मुलांचं लक्ष पंधरा मिनिटांत उडतं, आणि कुठे उभं राहायचं हे गुण चालू असतानाच कळतं. दोष नियमात आहे. बुधवारपर्यंत नियम शोधायचा.

४ डिसेंबर, बुधवार

नियम सापडला. पहिले चार फटके द्यायचे, पाचव्यापासून घ्यायचे.

म्हणजे असं. सर्व्ह हा पहिला फटका. हाताखालून, एक टप्पा पाडून. मग दुसरा, तिसरा आणि चौथा समोरच्याला परत मारता येईल असाच टाकायचा. दोघांनीही मोठ्याने मोजायचं : एक, दोन, तीन, चार. 'चार' म्हणून झालं की गुण खुला. चारच्या आत चेंडू गेला तर कोणालाच गुण नाही, तीच सर्व्ह परत.

एक गुण जसा घडला तसा उतरवतो. दुसऱ्या कोर्टावर चौथीतली मुलगी सर्व्हला, समोर पाचवीतला जोरात मारणारा मुलगा. ती एक, तो दोन, ती तीन, तो चार. पाचवा फटका तिचा. त्याची सवय अशी की गुण खुला होताच तो दोरीकडे धावतो. तिने पाचवा उंच टाकला, त्याच्या डोक्यावरून, मागच्या रेषेच्या अर्धा मीटर आत. तो वळला, टप्पा पडून गेला होता. मी तिला हे शिकवलेलं नव्हतं. चार फटके एकमेकांना देताना समोरच्याला बघायला तिला वेळ मिळाला, म्हणून ते तिला दिसलं.

जोर करणाऱ्याला या नियमाचा राग येतो. त्याला चौथा फटका मंद द्यावाच लागतो, नाहीतर गुणच नाही. त्यामुळे तो चेंडू खालून वर उचलायला शिकतो, कारण आडवा ठोकलेला चेंडू ११ मीटरच्या कोर्टात राहत नाही. क्रिकेटच्या बॅटीची सवय अशी नियमानेच मोडते, मला ओरडावं लागत नाही. आणि बॅटची एक सवय मी ठेवू दिली आहे : डाव्या बाजूचा फटका दोन हातांनी. तो सगळ्यांना पहिल्याच दिवसापासून बरा जमतो.

८ डिसेंबर, रविवार

मुलं पंधरा. प्रश्न असा की चार कोर्टांवर एकेक विरुद्ध एकेक खेळले तर आठच खेळतात, बाकीचे उभे. त्यामुळे प्रत्येक बाजूला दोघांचा संघ केला. एक खेळतो, दोन गुण झाले की जोडीदार आत. पंधराव्याला जोडीदार नाही, तो आपल्या बाजूला एकटाच खेळतो.

थांबलेल्याने कुठे उभं राहायचं, हे आज नीट ठरवावं लागलं. मागच्या रविवारी ते मागच्या रेषेपाठी उभे होते आणि एकाच्या कोपराला रॅकेट चाटून गेली. मागे दोनच मीटर जागा आहे, तिथे दुसरं मूल बसत नाही. आता थांबलेला दोरीपाशी, कोर्टाबाहेरच्या मोकळ्या जागेत, खांबाला हात लावून उभा राहतो. तिथून रेषही दिसते. त्याचं काम गुण सांगणं.

दुसरा नियम पक्का केला : शेजारच्या कोर्टावरचा चेंडू आत आला की ज्याला दिसेल त्याने 'थांबा' ओरडायचं आणि चारही कोर्टं थांबायची. चेंडूवर पाय पडून घोटा मुरगळणं ही या खेळात सहज घडणारी दुखापत. गुण परत खेळायचा, तक्रार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस भांडणाचा, आणि तोच उपयोगी ठरला.

रेषा ट्यूबच्या, त्यामुळे चेंडू रेषेला लागला की आवाज येत नाही. तिसऱ्या कोर्टावर एक म्हणाला बाहेर, दुसरा ओरडला, "आठे पडना, आठे!" दोघं पट्टीवर बोटं ठेवून बसले. आप्पा व्हॉलीबॉल थांबवून आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही पंच का नाही होत? आमच्यात मी सांगतो ते शेवटचं." मी म्हटलं, "आप्पा, चार कोर्टं आहेत, मी एक." टेनिसमध्ये पंच नसलेल्या सामन्याची रीत सांगितली. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा, आणि जरा जरी शंका असेल तर चेंडू आत. आप्पांना ते पटलं नाही. "पोरं खोटं बोलतील," म्हणाले. थोडी बोललीही. पण एक गोष्ट घडली : ज्याने दोनदा उघड खोटं सांगितलं, त्याच्या स्वतःच्या जोडीदारानेच त्याला अडवलं, कारण तो खांबापाशी उभा राहून सगळं बघत होता.

गुण सांगायची पद्धत सोपी ठेवली. पंधरा-तीस-चाळीस नाही, एक-दोन-तीन. सर्व्ह करणाऱ्याने सर्व्हच्या आधी आपला आकडा पहिला सांगायचा : 'तीन-दोन'. समोरच्याने काही म्हटलं नाही तरच चेंडू उडवायचा. निम्मी भांडणं रेषेची नसून विसरलेल्या गुणांची होती, ती यानेच संपली.

२९ डिसेंबर, रविवार

थंडी खूप. साडेसातपर्यंत बोटं वळत नव्हती, चेंडूही मरगळलेले. आज चढती-उतरती कोर्टं खेळलो. चार मिनिटांचा खेळ, शिट्टी वाजली की पुढे असलेला संघ एक कोर्ट वर, मागे असलेला एक कोर्ट खाली. बरोबरी असेल तर एक शेवटचा गुण. पहिल्या कोर्टावर जिंकणारा तिथेच राहतो, चौथ्यावर हरणारा तिथेच.

सहा फेऱ्या झाल्या. तीन फेऱ्यांनंतर साधारण बरोबरीचे संघ एकमेकांसमोर आले आणि चौथ्या कोर्टावर, जिथे सर्वांत लहान मुलं होती, तिथे सर्वांत लांब गुण झाले. 'उनाच नही' म्हणणारा मुलगा तिथे होता. आज त्याच्या एका गुणात तेरा फटके मोजले.

अडचण एकच. वेळेचा खेळ असला की पुढे असलेला संघ चेंडू आणायला मुद्दाम हळू जातो. पुढच्या वेळी प्रत्येक कोर्टावर तीन-तीन चेंडू ठेवायचे, म्हणजे गेलेला चेंडू आणायला गुण थांबणार नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

चार फटक्यांचा नियम आज दोनवर आणला. सर्व्ह आणि परतफटका द्यायचा, तिसऱ्यापासून गुण खुला. पहिल्या दोन कोर्टांवर फरक पडला नाही, गुण पूर्वीइतकेच लांब. चौथ्यावर लगेच तुटले. म्हणून नियम कोर्टाप्रमाणे वेगळा ठेवला : वरच्या दोनांवर दोन फटके, खालच्या दोनांवर चार. वर-खाली जाणाऱ्या मुलांना दोन्ही खेळावे लागतात, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा गोंधळ झाला नाही.

आज भिंतीच्या खुणेवर चेंडू पुन्हा तपासले. सात आठवडे सिमेंटवर घासून लोकर झिजली आहे. तीसपैकी सहा ९० च्या खाली गेले. ते वेगळे काढले, लहानग्यांच्या झेलाच्या खेळाला चालतील.

१२ जानेवारी, रविवार

आप्पांनी स्वतः विचारलं, "आमचं कोर्ट किती लागेल तुम्हाला?" व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ मीटर लांब आणि ९ रुंद. नारिंगी टप्प्याच्या कोर्टाची लांबी जवळजवळ तेवढीच, १८ मीटर, रुंदी साडेसहा. म्हणजे लांबीला त्यांच्याच रेषा चालतात, रुंदीला आत ट्यूबच्या दोन पट्ट्या टाकायच्या आणि त्यांची जाळी खाली बांधायची. फक्त जमीन मातीची, टप्पा सिमेंटपेक्षा खाली राहतो. शिवाय लोकर माती धरते.

चौथीतली ती मुलगी आणि पाचवीतल्या दोन उंच मुली, हातात २३ इंची रॅकेट, चेंडू नारिंगी, तीन उसने आणलेले. पहिली दहा मिनिटं तिघींचेही फटके जाळीत. लाल कोर्टाच्या अंदाजाने मारत होत्या. मग चौथीतलीने पाय मागे घेतला, रॅकेट खालून वर नेली आणि चेंडू पलीकडे मागच्या रेषेजवळ पडला. सर्वांत लांब रॅली सहा. पाचवीतल्या एकीचा हात दुखला, तिला लाल कोर्टावर परत पाठवलं, ती नाराज झाली. पुढच्या रविवारी तिला अर्धा तास लाल आणि शेवटची पंधरा मिनिटं नारिंगी, असं तिच्याशी ठरलं आहे.

आप्पांनी शेवटी रॅकेट मागून घेतली आणि सहा फटके खेळले. सहापैकी दोन कुंपणात. दोरी सोडून पट्ट्या गोळा केल्या, एक पट्टी कमी भरली. बुधवारी शोधायची.